वीस डॉलरच्या तिकिटाचे पुढे काय होते

“बँडला चाहत्यांची खरोखर काळजी असेल, तर तो तिकिटे स्वस्त का ठेवत नाही?”

ठेवणाऱ्यांचे काय झाले, ते आधी पाहू. २०२३ मध्ये ‘द क्युअर’ हा बँड उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा गायक रॉबर्ट स्मिथ यांनी मागणीनुसार किंमत चढवत नेण्याची पद्धत जवळजवळ पूर्णपणे नाकारली आणि काही ठिकाणी तिकिटे २० डॉलरपासून ठेवली. विक्री सुरू झाली त्या दिवशी एका चाहत्याची पावती सगळीकडे फिरली. चार तिकिटांचे ८० डॉलर, प्रत्येक तिकिटावर ११.६५ डॉलर सेवाशुल्क, १० डॉलर सभागृहाचे शुल्क आणि वर संपूर्ण खरेदीवर ५.५० डॉलर, असे मिळून १७२.१० डॉलर झाले होते. संगीतापेक्षा शुल्कच महाग पडले होते. स्मिथ यांनी उघडपणे संताप व्यक्त केल्यावर तिकिटे विकणाऱ्या तिकीटमास्टर या कंपनीने सर्वांत स्वस्त तिकिटांवर प्रत्येकी १० डॉलर आणि इतर तिकिटांवर ५ डॉलर परत करण्याचे मान्य केले. म्हणजे त्या पावतीतले ४० डॉलर परत आले, तरीही २० डॉलरचे तिकीट ३३ डॉलरना पडले. किंमत बँड ठरवतो, पण शुल्क त्याच्या हाती नसते. सभागृह आणि तिकीट कंपनी यांच्यात करार आधीच झालेला असतो आणि त्या शुल्कातला वाटा सभागृहालाही मिळतो. बँड बदलला तरी हा करार बदलत नाही.

शुल्काचा प्रश्न निदान पावतीवर दिसतो. त्याहून अवघड प्रश्न पुनर्विक्रीचा आहे, आणि मी बँडची वकिली करतो असा आरोप करणाऱ्यांनी तो एकदा नीट समजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लोक ज्या तिकिटाला दोनशे डॉलर मोजायला तयार आहेत ते २० डॉलरना विकले, तर मधले १८० डॉलर नाहीसे होत नाहीत. ते कुणीतरी उचलतोच, आणि बहुधा तो दलाल असतो. हे टाळण्यासाठी ‘द क्युअर’ने आधी नोंदणी केलेल्या चाहत्यांनाच तिकिटे दिली, ती दुसऱ्याच्या नावावर करण्यास मनाई केली, आणि ज्याला जाणे जमणार नाही त्याने मूळ किमतीलाच परत विकावे, अशी सोय ठेवली. तरीही न्यूयॉर्क, शिकागो आणि डेन्व्हर इथे ही मनाई लागू करता आली नाही, कारण तिथल्या राज्यांचे कायदे तिकिटाचे हस्तांतर रोखू देत नाहीत. इतरत्र दलालांनी तिकिटाऐवजी अख्खे खातेच, पासवर्डसकट, विकायला काढले. शेवटी सुमारे २,२०० खरेदींमधली जवळपास ७,००० तिकिटे रद्द करावी लागली.

यापूर्वी मी स्वतः उलट बाजूने युक्तिवाद करत असे. दलालाच्या खिशात जाणारा पैसा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मिळाला तर बिघडले कुठे, असे माझे म्हणणे असे. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी २०२२ मध्ये साधारण हेच उत्तर दिले होते. त्यांच्या दौऱ्याची काही मोजकी तिकिटे तेव्हा पाच हजार डॉलरच्या आसपास गेली होती. बहुतेक तिकिटे ठरलेल्या किमतीलाच विकली गेली, हे तिकीट कंपनीने आकडेवारीनिशी सांगितले, आणि तो खुलासा मला आजही खोटा वाटत नाही. पण १९८० पासून स्प्रिंगस्टीन यांच्याच संगीताला वाहिलेले ‘बॅकस्ट्रीट्स’ हे नियतकालिक २०२३ च्या सुरुवातीला बंद करताना संपादकांनी तिकिटांच्या या किमतींनी झालेला भ्रमनिरास स्पष्टपणे नोंदवला, तेव्हा ते वाचून मी फार अस्वस्थ झालो. चार दशके एकाच कलाकाराविषयी लिहिणाऱ्या माणसांना पैसा दलालाला मिळाला नाही एवढे समाधान पुरणारे नव्हते, आणि माझ्या युक्तिवादात त्यांच्यासाठी दुसरे काहीच नव्हते.

म्हणून मी ‘द क्युअर’च्या बाजूला गेलो असे समजू नका. हस्तांतरबंदी हवी असे मी म्हणतो, तेव्हा ऐन दिवशी आजारी पडणाऱ्या किंवा आपले तिकीट बहिणीला देऊ पाहणाऱ्या चाहत्याचे हात बांधले जातात, हे मला दिसते. मूळ किमतीला परत विकण्याची सोय त्याला वाचवते खरी, पण ती सोय चालवते कोण? बहुतेक वेळा ज्या कंपनीच्या शुल्काविरुद्ध आपण ओरडतो, तीच. बंदी जितकी कडक, तितके चाहत्याला त्या एकाच दारातून आत-बाहेर करावे लागते. आणि बंदी उठवली, तर दलाल पुन्हा येतात. स्मिथ यांच्या जागी मी असतो तर बंदीच निवडली असती, असे आज तरी वाटते. मात्र त्या तीन शहरांतल्या कायद्यांमागेही चाहत्याच्याच हक्काचा युक्तिवाद आहे, आणि तो मला अजून पूर्णपणे खोडता आलेला नाही.