उलटी गंगा

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास मामांचं कोडं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडतं. आलेखाच्या कागदावर पट्टीने आखलेलं, काळे चौकोन बॉलपेनने गिरवलेले, आणि वर ठसठशीत अक्षरात शीर्षक. मी त्याचं प्रिंट काढतो, कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणतो आणि मागच्या खोलीत कूलरसमोर बसतो. त्या खोलीची मागची खिडकी बंदच असते. मागून नाला जातो, त्याचा वास येतो.

परवाच्या कोड्याचं शीर्षक होतं, ‘उलटी गंगा’.

आपल्याकडच्या शब्दकोड्यांना सहसा ‘शब्दकोडे क्रमांक अमुक’ एवढंच नाव असतं, त्यामुळे शीर्षक वाचायची आपल्याला सवयच नाही. मामांना हे वेड इथे नागपूरला बर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेल्या एका अमेरिकन कोड्यांच्या पुस्तकातून लागलं. तिकडे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं रोजचं कोडं १५ बाय १५ चौकोनांचं असतं आणि त्याला नाव नसतं. रविवारचं मात्र २१ बाय २१ चं, आणि त्याला शीर्षक असतं. त्यातल्या लांबलांब उत्तरांमध्ये एक छुपं सूत्र असतं. कधी कोड्यातलंच एखादं उत्तर ते सूत्र फोडून सांगतं, पण कित्येकदा असं काहीच नसतं. सगळे चौकोन भरून झाले तरी या लांबलांब उत्तरांचं एकमेकांशी नातं काय, ते कोणी सांगत नाही. मग हाताशी उरतं ते फक्त शीर्षक.

मामांनी तेच मराठीत आणलं, ११ बाय ११ च्या चौकटीत. चौकोनात अर्थातच एक अक्षर, म्हणजे काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट. ‘प्रश्न’ म्हणजे दोन चौकोन.

सूत्राची उत्तरं कुठली हे ओळखायला काही लागत नाही. सगळ्यांत लांब आडवी उत्तरं बघायची, आणि कागद उलटा फिरवला तर ती एकमेकांच्या जागी येतात का ते पाहायचं. परवाच्या कोड्यात तिसऱ्या ओळीत आठ अक्षरं होती, तर खालून तिसऱ्या, म्हणजे नवव्या ओळीतही आठ. पाचवीत सहा, सातवीत सहा. म्हणजे चार उत्तरं, दोन जोड्या. त्यांच्या सूचना अगदी सरळ असतात, पण त्या फक्त वरच्या अर्थाच्या. सूत्राबद्दल सूचनेत चकार शब्द नसतो.

तिसरी ओळ: ‘परीक्षेआधी घरी सोडवायला देतात ती’. सराव प्रश्नपत्रिका. पाचवी: ‘दोघांत एकच घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला’. अर्धा वडापाव. सातवी: ‘लगेच भडकणाऱ्याचा असतो, आणि कुठे’. राग नाकावर. नववी: ‘नशिबावर हवाला टाकणाऱ्याचं पालुपद’. इथे माझ्याकडे उभ्या शब्दातून चौथं अक्षर ‘ते’ आलेलं होतं, त्यामुळे मी बिनधास्त लिहिलं, ‘व्हायचे ते होणारच’. मोजून आठ अक्षरं, आणि चौथं ‘ते’. पेनने लिहिलं, ही चूक.

आता सराव प्रश्नपत्रिका, अर्धा वडापाव, राग नाकावर आणि व्हायचे ते होणारच. यांचा आणि गंगेचा संबंध काय?

आधी मी शीर्षक म्हण म्हणून वाचलं. उलटी गंगा वाहणे, म्हणजे रीत सोडून काहीतरी होणे. मग विचार केला, ही चारही उत्तरं रीतीच्या उलट आहेत का? वडापाव अर्धा खाणं ही उलटी रीत म्हणता येईल एकवेळ, पण सराव प्रश्नपत्रिकेचं काय? मग वाटलं, उत्तरं सबंध उलटी वाचायची असतील. ‘र व का ना ग रा’. हे कोणत्याच भाषेत काही होत नाही. पोहे संपले, तर्री उरली.

मामांचं एक वाक्य आहे, ‘शीर्षकात एकही शब्द फुकटचा नसतो.’ हे मी वर्षभर ऐकत आलोय आणि दर रविवारी विसरतो. शीर्षकाचा रोजचा अर्थ हे नुसतं पांघरूण असतं. ते बाजूला करून एकेक शब्द अगदी खुळ्यासारखा, जसाच्या तसा वाचायचा. बऱ्याचदा त्यातला एक शब्द काय करायचं ते सांगतो आणि दुसरा कशाचं ते सांगतो. इथे ‘उलटी’ ही करायची गोष्ट. ‘गंगा’ म्हणजे काय? गंगाच असेल तर चार उत्तरांत चार वेळा गंगा कशाला लपवतील? ती नमुन्यादाखल असणार, एका जातीची प्रतिनिधी. म्हणजे नदी.

मी पेन ठेवलं आणि उत्तरांवर उजवीकडून डावीकडे बोट फिरवायला लागलो. अर्धा वडापाव. व, पा, डा, व, र्धा… थांबलो. ‘व’ आणि ‘र्धा’. वर्धा! रफार जिथल्या तिथे, धाच्या डोक्यावर. मधली जागा काढली की ‘अर्धा’चं शेवटचं अक्षर आणि ‘वडापाव’चं पहिलं शेजारीशेजारी येतात, आणि उलटी वाचली की आपली वर्धा नदी. वीस वर्षं अमरावतीला जाता-येता तिच्यावरचा पूल ओलांडतोय, आणि ती वडापावात सापडली.

पण एक सापडली म्हणजे सूत्र सापडलं असं नाही. मराठी वाक्यात दोन-दोन अक्षरं उलटी वाचत बसलं तर काहीही सापडतं. योगायोग आहे की मुद्दाम केलंय, हे दुसऱ्या उत्तरात कळतं. सराव प्रश्नपत्रिका उजवीकडून: का, त्रि, प, श्न, प्र, व, रा, स. प्र-व-रा. नगरकडची प्रवरा, गोदावरीला मिळते ती. इथे मात्र शंका उरली नाही, कारण सलग तीन अक्षरं, त्यातलं एक जोडाक्षर, अशी आपोआप जुळून येत नाहीत. शिवाय इथेही नदी दोन शब्दांच्या सांध्यावर बसलेली होती, ‘सराव’ची शेपटी आणि ‘प्रश्न’चं डोकं धरून. लपवायचं तर सांध्यावर, हे कोडी रचणाऱ्यांचं कसब. एकाच शब्दाच्या पोटात नदी ठेवली तर ती लपली असं होत नाही, ती तिथे आधीपासूनच होती.

आता खरी गंमत. ‘व्हायचे ते होणारच’ उलटं वाचलं: च, र, णा, हो, ते, चे, य, व्हा. यात नदी नाही. महाराष्ट्रातली नाही, भारतातली नाही, मी नकाशाही काढला. सूत्र दोन उत्तरांत इतकं घट्ट बसलेलं असताना चौथ्यात बसत नसेल, तर सूत्र चुकलेलं नाही, उत्तर चुकलंय. शीर्षकाचा खरा उपयोग हा. त्याने कोडं सुंदर वगैरे दिसतं ते सोडा, पेनने लिहिलेली चूक ते पकडून देतं.

‘ते’ पक्कं होतं, उभ्या शब्दातून आलेलं. त्याच अर्थाचं, ‘ते’ चौथं असलेलं दुसरं पालुपद कोणतं? ‘होणार ते होणारच’. हेही आठच अक्षरांचं! आणि ‘ते’पासून मागे वाचलं की ते, र, णा. तेरणा! मांजरेला मिळणारी, धाराशिवकडची. पहिले तीन चौकोन खोडले आणि मी खूष झालो.

तरी पाचव्या चौकोनातून खाली जाणारा तीन अक्षरी शब्द काही सुटेना. सूचना होती, ‘रात्री रानात वाट चुकवतो’. ‘हो’ने सुरू होणारा, वाट चुकवणारा कोण? होका, होरा, काहीच नाही. इथे शीर्षकाची मदत संपते, हे लक्षात ठेवायला हवं. ते नदीपुरतंच बोलतं. नदीच्या पुढची चार अक्षरं काय असावीत याचं त्याला काही देणंघेणं नाही. ‘होणार ते होणारच’ आणि ‘होणार तेच होणार’, दोन्हींत तेरणा आहे, दोन्ही आठ अक्षरी. फरक पाचव्या चौकोनापासूनच. ‘हो’ऐवजी ‘च’ घेतला आणि खाली उतरलो: चकवा. लहानपणी आजीने मेळघाटातल्या गोष्टीत सांगितलेला तोच.

मग मामांना फोन केला. तीन नद्या सांगितल्या, आणि जरा रुबाबातच म्हणालो, “मामा, सातव्या ओळीत मात्र तुम्ही फसलात. ‘राग नाकावर’मध्ये नदी नाही.”

“नीट पाह्य बे.”

“पाहिलं. र, व, का, ना, ग, रा. काही नाही.”

मामा हसायला लागले. म्हणाले, शीर्षकावर त्यांनी दोन दिवस घालवले. आधी ‘उलट्या नद्या’ असं ठेवलं होतं, तर मामी म्हणाली, मग सोडवायचं काय राहिलं? मग ‘प्रवाह’ ठेवलं, तर त्यातून कोणालाच काही कळलं नसतं, उलटं वाचायचं तर मुळीच नाही. ‘उलटी गंगा’त दोन्ही होतं आणि वर म्हणीचा मुखवटा. “पण नदी म्हटलं की तुम्हा लोकांना मोठीच पाहिजे,” ते म्हणाले. “वर्धा दिसली, तेरणा दिसली. छोटी नाही दिसत.”

“दोन अक्षरं कुठेही सापडतात, तो योगायोग,” मी म्हणालो. “तुम्हीच सांगता.”

“योगायोग कशाचा? या गावाचं नाव ठेवलंय तिच्यावरून.”

मी कागदाकडे पाहिलं. रा, ग, ना, का, व, र. ‘राग’चा ग आणि ‘नाकावर’चा ना, सांध्यावर, अगदी नियमात. ना-ग.

“२०२३च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा तुझ्या जिन्यापर्यंत आली होती ना ती?” मामा म्हणाले. “तेव्हा नदी म्हणत होतास. पाणी उतरलं की लगेच नाला.”

सहा चौकोन पेनने आधीच भरलेले होते, त्यामुळे लिहायचं काही उरलं नव्हतं. मी दोन अक्षरांभोवती गोल केला, उठलो आणि मागची खिडकी जराशी उघडून पाहिली. नाकावर हात धरूनच.