आमची वाटचाल : आधी आरपीएम, मग रबर

मशीनचे हादरे जमिनीत जाऊ नयेत म्हणून त्याखाली बसवायच्या रबर माउंटचा धंदा सुरू केला तेव्हा गिऱ्हाईक एकच गोष्ट सांगायचं: मशीन इतक्या किलोचं आहे, चार माउंट द्या. आजही बरेच फोन तसेच येतात. पण आमच्या चौकशीच्या फॉर्मवर पहिला रकाना आरपीएमचा आहे, आणि तो आला एका ब्लोअरमुळे.

फ्रेमसकट ६०० किलोचा, १४४० आरपीएमचा हा ब्लोअर आधीच्या पुरवठादाराने चार कडक माउंटवर बसवला होता. वजन ते आरामात पेलत होते, पण जमीन मात्र माउंट नसतानापेक्षा जास्त हादरायला लागली. मालकांचा प्रश्न रास्त होता: रबर घातल्यावर हादरे वाढतातच कसे?

१४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ फेरे, २४ हर्ट्झ. ते माउंट भाराखाली जेमतेम १ मिमी दबले होते. एवढ्या दबण्यावरून नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर माउंटवरचं मशीन आपणहून सेकंदाला जितक्या वेळा हलतं ती, १६ हर्ट्झच्या आसपास येते. पण कंपनात रबर स्थिर भारापेक्षा जास्त ताठ वागतं, म्हणून आम्ही १८ धरली. २४ भागिले १८, गुणोत्तर r आलं १.३३. ट्रान्समिसिबिलिटीचं, म्हणजे मशीनचा धक्का जमिनीत किती पट उतरतो त्याचं, सूत्र T = 1/(r² − 1); त्यातून आकडा निघाला जवळपास १.३. म्हणजे १०० न्यूटनचा धक्का जमिनीत १३० होऊन उतरत होता. गुणोत्तर १.४१ च्या पुढे गेल्याशिवाय माउंटचा काही उपयोग होत नाही.

आम्ही गुणोत्तर ३ धरलं. मग नैसर्गिक वारंवारता ८ हर्ट्झ हवी, आणि सूत्राप्रमाणे जमिनीत उतरतो फक्त आठवा हिस्सा. रबराच्या डॅम्पिंगमुळे, म्हणजे हलण्याची ऊर्जा जिरवण्याच्या गुणामुळे, प्रत्यक्षात थोडा जास्त उतरतो. पण मशीन सुरू-बंद होताना ८ हर्ट्झवरून जातं, तेव्हा तेच डॅम्पिंग त्याला सावरतं. रबराचा कंपनातला ताठपणा धरून भाराखाली दबायला हवं होतं साधारण ५ मिमी.

खरं काम इथून पुढे होतं. मोटरकडच्या कोपऱ्यांवर १८०-१८० किलो येत होते, दुसऱ्या बाजूला १२०-१२०. चारही माउंट एकसारखे दिले असते तर मशीन मोटरकडे कललं असतं. म्हणून मोटरकडचे माउंट दीडपट ताठ दिले आणि प्रत्येक कोपरा किती दबतो ते डायल गेजने पाहिलं. पाइपचा कडक जोड काढून तिथे लवचीक जोड बसवायला लावला, नाहीतर कंपन माउंट टाळून पाइपातून भिंतीत गेलं असतं. त्यानंतर जमीन शांत झाली.

६०० आरपीएमच्या मशीनसाठी मात्र आम्ही रबर देत नाही. तिथे गुणोत्तर ३ हवं असेल तर रबर २९ मिमीच्या आसपास दबावं लागेल, आणि नेहमीच्या उंचीच्या माउंटला ते झेपणारं नाही. अशा गिऱ्हाइकाला आम्ही सरळ स्प्रिंग माउंट घ्यायला सांगतो.