फ्लॅटमधला होम आणि धुराची गोष्ट

फ्लॅटमध्ये होम करायचा म्हटलं की घरात पहिली चर्चा मुहूर्ताची, दुसरी जेवणाला किती पानं त्याची, आणि धुराचा विषय निघतो तो थेट कुंड पेटल्यावर, म्हणजे आजी खोकायला लागली आणि समोरच्या काकूंनी बेल वाजवली की मग. तोपर्यंत सगळ्यांना वाटत असतं, होम म्हटला की धूर आलाच. मला हे पटत नाही. थोडा धूर येणार हे खरं, पण डोळे चोळत बसावं लागतंय म्हणजे कुंडात काहीतरी बिघडलंय.

माझ्या मावसबहिणीच्या वास्तुशांतीला जे गुरुजी आले होते ते त्या बाबतीत फार भारी माणूस. आल्या आल्या त्यांनी समिधांची जुडी मागितली, दोन काड्या एकमेकींवर आपटल्या आणि कान देऊन आवाज ऐकला. वाळलेल्या समिधेचा आवाज खणखणीत येतो, मोडली की कट्‌कन तुटते, ओली असेल तर वाकते आणि आवाजही दबका येतो. बाजारातली जुडी बऱ्याचदा प्लास्टिकमध्ये बांधलेली असते, त्यात ओल धरते, पावसाळ्यात तर बुरशीसुद्धा दिसते. म्हणून होमाच्या आधी दोन-तीन दिवस ती सोडून उन्हात पसरून ठेवायची, बाकी काही नाही. नवग्रहांच्या समिधा म्हणजे रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, औदुंबर, शमी आणि त्याबरोबर दूर्वा-दर्भ, आता यातल्या दूर्वा ताज्याच असतात, त्या थोडा धूर करणारच. पण खालचं जळण, म्हणजे आंब्याची लाकडं आणि गोवऱ्या, ते कोरडंठाक पाहिजे. लाकडाच्या टोकाला फेस येऊन सूं सूं आवाज यायला लागला की समजायचं, हे आता आतलं पाणी उकळून बाहेर काढतंय, त्यात त्याची ऊब जातेय आणि ज्वाळेला काही उरत नाहीये.

आता तूप. इथे सगळ्यांची एक ठरलेली चूक होते. ज्वाळा बसली, पांढरा धूर निघायला लागला की कोणीतरी मागून हमखास सांगतं, अरे तूप घाल, तूप घाल! आणि यजमान बिचारा पळी उपडी करतो. खरं म्हणजे तो दाट पांढरा धूर म्हणजे तापलेल्या तुपाची आणि लाकडाची न पेटलेली वाफच असते. आत निखारे आहेत, वाफ निघतेय, पण पेटवायला ज्वाळा नाही. त्यात आणखी तूप ओतलं की धूर अजून दाट होतो आणि मग कुठेतरी एक ठिणगी लागते आणि भप्प! एकदम हातभर ज्वाळा वर. समोर वाकलेल्या माणसाच्या भुवया, उपरण्याचं टोक, साडीचा पदर, सगळं त्या टप्प्यात. गुरुजींनी अशा वेळी यजमानाचा हात धरून थांबवला, लांब चिमट्याने एक बारीक कोरडी काडी कापराच्या वडीवर पेटवली आणि बाजूने, तोंड मागे ठेवून आत सरकवली, लाकडं जरा उचलून मध्ये हवेला जागा केली. ज्वाळा आली, धूर गेला, मग म्हणाले, "हं, आता स्वाहा म्हणा."

तुपाचा हिशेबसुद्धा कोणी करत नाही. समजा एका मंत्राच्या 108 आहुती आहेत. पळी लहान असेल, दोन मिली तूप मावणारी, तर सगळं मिळून 216 मिली, म्हणजे पाव किलोच्या आत काम झालं. तीच पळी दहा मिलीची घेतली तर 1080 मिली, लिटरभराच्या वर! मंत्र तेवढेच, वेळ तेवढाच, पण आग पाचपट. बैठ्या घराच्या अंगणात ते चालून जातं, हॉलमध्ये नाही, कारण वर फॉल्स सीलिंग आहे, बाजूला पडदे आहेत आणि हौसेने लावलेली कागदी तोरणं आहेत (ती आधी काढा, प्लीज). चरूचंही तसंच, भात मोकळा आणि चिमूटभर टाकायचा, गरम गोळाच्या गोळा टाकला तर ज्वाळा त्याखाली गुदमरते. आणि तुपाची बरणी कुंडाजवळ नको, एका वाटीत थोडं थोडं घ्यायचं, बरणीतून डायरेक्ट तर कधीच नाही.

कुंड थेट फरशीवर ठेवलं तर तांब्यातून उष्णता खाली उतरते आणि टाइल तडकते, कधी आवाज करून, कधी दुसऱ्या दिवशी कळतं. लाकडी पाटावर ठेवणं तर त्याहून वाईट. विटा मांडून मध्ये हवा जायला फट ठेवायची, त्यावर परातीत कोरड्या वाळूचा जाड थर आणि मग कुंड. पंखा आणि एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि फ्लॅटचं मुख्य दार मात्र बंद, कारण धूर लॉबीत गेला की तिथला स्मोक डिटेक्टर ओरडतो आणि वॉचमन धावत येतो. त्याला आणि सोसायटीच्या ऑफिसला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं बरं. घरात स्प्रिंकलर असेल तर कुंड त्याच्या खाली मांडायचंच नाही. त्याची ती बारीक लाल काचेची नळी असते ना, ती धुराने नाही तर उष्णतेने फुटते, साधारण 68 अंशांना, आणि मग पूर्णाहुतीच्या आधीच जलाभिषेक!

पाण्यावरून आठवलं, कुंडात तुपाची आग फार चढली तर पाणी अजिबात ओतायचं नाही. पाणी तुपाखाली जातं, क्षणात वाफ होते आणि ती वाफ जळतं तूप चारी बाजूला उडवते. बाजूला कोरड्या वाळूची बादली आणि कुंडापेक्षा मोठं लोखंडी झाकण हवं. झाकण बाजूने सरकवत आणायचं आणि लगेच उघडून बघायचं नाही.

सगळ्यात जास्त गडबड पूर्णाहुतीला. घरातले सगळे हात लावायला पुढे येतात, लहान मुलं कडेवर, आणि "उरलेलं तूप ओता सगळं" असा एक उत्साही आवाज असतोच. त्यात कोणी पाण्याचा अख्खा नारळ टाकला तर आत वाफ कोंडून तो फुटू शकतो आणि निखारे बाहेर उडतात. सुक्या खोबऱ्याचा गोटा, वरून भोक पाडून त्यात तूप भरलेला, हा मला तरी जास्त शहाणपणाचा वाटतो. हात लावायचाच असेल तर एकाने गोटा धरावा, बाकीच्यांनी त्याच्या पाठीला किंवा हाताला हात लावावा.

होम संपला, गुरुजी जेवायला बसले, की कुंडाकडे कोणी बघत नाही. वरून राख पांढरी पडलेली असते, आत निखारे मात्र कितीतरी तास जिवंत असतात. खिडक्या लावून त्या खोलीत कोणाला झोपवायचं नाही, कारण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला ना वास ना रंग. राख चिमट्याने उकरून, पूर्ण गार झाल्याची खात्री करूनच काढायची, ती पण लोखंडी घमेल्यात. कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात त्याच रात्री टाकायची घाई करू नका, बहिणीकडे तर राख दुसऱ्या दिवशी दुपारी काढली तेव्हाही मधोमध बोट ठेववत नव्हतं.