दहा बाय दहाच्या खोलीत धिंगरी: 40 पिशव्यांच्या पहिल्या बॅचची नोंद

जागा पुण्यातली, तळमजल्यावरची 10 बाय 10 फुटांची रिकामी खोली, एक खिडकी उत्तरेला. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम, अळिंबीचाच एक प्रकार. जात पांढरी, म्हणजे फ्लोरिडा. बटण अळिंबीला कंपोस्ट तयार करायला दोन-तीन आठवडे आणि थंड खोली लागते. धिंगरीला नुसतं काड आणि 22 ते 28 अंश पुरतात, म्हणून घरगुती खोलीत सुरुवात हिच्यापासूनच करावी.

एकदाच करायचा खर्च

सगळा मिळून 8,500 रुपये. जुना 200 लिटरचा पत्र्याचा ड्रम 1,200, भट्टीची शेगडी 1,500, एक्झॉस्ट पंखा 1,600, पिशव्या टांगायला आडवे पाइप आणि नायलॉन दोरी 2,200, खिडकीला बारीक जाळी 700, तापमान-आर्द्रता मापक 400, फवारणीचा हातपंप 900. रॅक केला नाही. टांगलेल्या पिशवीला चारही बाजूंनी हवा लागते आणि खाली फरशी धुता येते.

एका बॅचचा चालू खर्च 1,800 आला: गव्हाचं काड 40 किलो 400, बियाणे 4 किलो 480, पिशव्या 100, गॅस 450, वीज-पाणी 250, स्पिरिट-रबर वगैरे 120. बियाणे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी केंद्रासारख्या ठिकाणाहून आगाऊ मागणी नोंदवून घ्यावं. हे बियाणे म्हणजे अळिंबीची बुरशी वाढवलेले धान्याचे दाणे. दाण्यांवर तिची घट्ट पांढरी जाळी असेल तर माल ताजा. दाणे पिवळट, ओलसर आणि आंबूस वासाचे असतील तर परत करावं.

12 आणि 13 नोव्हेंबर: भरणी

काड 3 ते 5 सेंटिमीटर तुकड्यांत कापून रात्रभर भिजवलं, मग गोणपाटात भरून ड्रममधल्या पाण्यात बुडवून 80 अंशांवर तासभर ठेवलं. ड्रममध्ये एका वेळी 10 किलो सुकं काड मावतं, म्हणून चार खेपा झाल्या. निथळून सावलीत पसरलं. ओल तपासायची ती मुठीत. काड घट्ट दाबलं की तळवा ओला झाला पाहिजे, पण पाणी थेंबाथेंबानं गळता कामा नये. गळलं तर पिशवीच्या तळाशी पाणी साचून काड कुजतं, आणि हात कोरडाच राहिला तर जाळी अर्ध्यात थांबते.

पिशवी 14 बाय 22 इंची. प्रत्येकीत 1 किलो सुक्या काडाचा माल, म्हणजे ओला सुमारे 3 किलो, आणि 100 ग्रॅम बियाणे. काडाचा चार बोटं थर, त्यावर कडेकडेनं बियाणे, असे पाच थर दाबत नेले. तोंड बांधून सुईनं 15-20 भोकं पाडली आणि पिशव्या अंधारात टांगल्या.

आठवा दिवस: चार पिशव्या गेल्या

चारही एकाच खेपेतल्या, शेवटच्या. आधी काडावर बियाण्याच्या जाळीपेक्षा विरळ, भुरकट पांढरे ठिपके दिसले, दोन दिवसांत ते पोपटी हिरवे झाले. ही ट्रायकोडर्मा बुरशी. कारण सापडलं ते असं: त्या खेपेला थर्मामीटर ड्रमच्या वरच्या पाण्यात धरला होता. वर 80 दाखवत असताना गोणीच्या गाभ्यात उष्णता पोहोचलीच नव्हती. आता तापमान गोणीच्या मध्यात काठी खुपसून केलेल्या भोकात मोजायचं आणि तासाची मोजणी तिथे 80 झाल्यावर सुरू करायची.

हिरवी पिशवी खोलीत कधीच उघडू नये. लाखो बीजाणू उडतात आणि पुढची बॅच आधीच बाधित होते. तशीच बांधून बाहेर नेऊन पुरावी.

2 डिसेंबर: पिशव्या काढल्या

विसाव्या दिवशी उरलेल्या 36 गच्च पांढऱ्या झाल्या. ब्लेडनं प्लॅस्टिक काढलं. इथून खोलीचं वागणं बदलतं: आर्द्रता 80 ते 90 टक्के, दिवसातून चार-पाच तास मंद उजेड, आणि भरपूर ताजी हवा. पाणी फरशीवर, भिंतींवर आणि टांगलेल्या गोणपाटावर मारायचं, गुच्छांवर धार धरायची नाही. पहिल्या तीन दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब फुटले, पण देठ लांब आणि टोप्या इवल्याशा. ही कोंदट हवेची खूण: कर्बवायू साचला. एक्झॉस्ट दिवसातून सहा वेळा दहा-दहा मिनिटं चालवल्यावर पुढचे गुच्छ रुंद आले.

तोडणी

पहिला बहर 8 ते 10 डिसेंबर, 11.5 किलो. दुसरा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, 7.8 किलो. तिसरा जानेवारीच्या सुरुवातीला, 3.7 किलो. एकूण 23 किलो. वाया गेलेल्या पिशव्या धरल्या तर सुक्या काडाच्या 57.5 टक्के, नुसत्या 36 पिशव्यांवर काढलं तर 64.

टोपीची कड खाली वळलेली असतानाच गुच्छ पिळून काढावा. कड वर उचलली की बीजाणू सुटतात, खालच्या पिशव्यांवर पांढरी धूळ बसते, आणि रोज त्या हवेत श्वास घेतला की खोकला, ताप, दम लागणं असा त्रास होऊ शकतो. पंखा आतली हवा बाहेर फेकणाराच असावा आणि आत जाताना मास्क. घरात कुणाला दमा असेल आणि खोलीचं दार घरात उघडत असेल तर ही लागवड तिथे करूच नये.

खरी अडचण विकण्याची

तीन दिवसांत साडेअकरा किलो आली, आणि खपली ती रोज जेमतेम दोन. बाहेर ठेवलेली धिंगरी दुसऱ्या दिवशी मऊ, पिवळट आणि उग्र वासाची होते. फ्रिजमध्ये 4-5 अंशांवर चार दिवस काढते, पण गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर तिचं आयुष्य उरत नाही. तोडणीच्या आधीच्या दिवशी पाणी थांबवलं, माल न धुता 200 ग्रॅमच्या सहा भोकं पाडलेल्या पाकिटात भरला, तर आत बाष्प धरत नाही.

विक्री अशी झाली: सोसायट्यांत सकाळी पोच 11 किलो, 200 रुपयांनी. भाजीवाल्यांना 6 किलो, 120 नं. 4 किलो वाळवून 400 ग्रॅम झाली, 100 ग्रॅमचं पाकीट 100 रुपयांना. 2 किलो टाकावी लागली. आले 3,320, खर्च जाता 1,520, तेही मजुरी आणि खोलीचं भाडं न धरता. हॉटेलवाले बटणच मागतात, धिंगरी नेऊन दाखवावी लागते आणि रोज ठरलेलं वजन द्यावं लागतं. मार्केट यार्डात एवढ्याशा मालाला रिक्षाभाडंही सुटणार नाही. वाळवलेल्याची पाकिटं नियमित विकायची तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी करून घ्यावी. वाळवणं मात्र 45-50 अंशांवर, तुकडा कडकन मोडेपर्यंत. वाकला तर आठवड्यात बुरशी.

म्हणून दुसऱ्या बॅचमध्ये 40 पिशव्या एकदम भरलेल्या नाहीत. दर रविवारी आठ भरल्या जातात. सात-आठ आठवड्यांनी तिन्ही बहर एकमेकांत मिसळले की आठवड्याला पाच किलोच्या आसपास माल सुटेल, आणि तेवढा सोसायट्यांतच जातो. तोटा एकच: नव्या आणि जुन्या पिशव्या एका खोलीत राहतात. जुन्यांवर माश्या येतात, त्यांच्या अळ्या नव्या जाळीत शिरतात. त्यासाठी खोलीत मधे प्लॅस्टिकचा पडदा टाकून जाळी पसरत असलेल्या पिशव्या एकीकडे आणि फळणाऱ्या दुसरीकडे केल्या, दोन्हीकडे पिवळे चिकट सापळे लावले, आणि तिसरी तोडणी झालेली पिशवी त्याच दिवशी खतात जाते. पहिल्या आठ पिशव्या आज अकराव्या दिवशी तीन चतुर्थांश पांढऱ्या आहेत, हिरवा ठिपका अजून नाही.