एसटीपीचं व्याख्यान एका पानावर

«एसटीपी शिकवलं की मुलांना ते समजतं. पण त्याची वर्कशीट दिली की नव्या व्यवसायाची कल्पना बाजूला राहते आणि चौकटीत पुस्तकातले शब्द येतात. वर्कशीट बनवायची तरी कशी?»

एसटीपी म्हणजे सेगमेंटेशन, टार्गेटिंग आणि पोझिशनिंग: बाजाराचे भाग पाडायचे, त्यातला एक निवडायचा आणि त्या ग्राहकाच्या मनात आपली जागा ठरवायची. वर्कशीट फसते तेव्हा बहुतेक वेळा चूक मुलांची नसते. चौकटीवर «सेगमेंटेशन» असं शीर्षक असेल तर मुलं सेगमेंटेशनबद्दलच लिहिणार. व्याख्यान संकल्पना समजावण्यासाठी रचलेलं असतं, वर्कशीटवर मात्र निर्णय घ्यायचे असतात. म्हणून आधी स्लाइड्स छापून घ्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने खूण करा: ही व्याख्या आहे, उदाहरण आहे, की इथे उद्योजकाला काहीतरी ठरवावं लागतं? बाजाराचे भाग पाडण्याची कल्पना वेंडेल स्मिथ यांनी 1956 मध्ये मांडली, ही माहिती व्याख्यानात हवीच, पण पानावर तिचं काम नाही. ठरवायच्या जागा तेवढ्या उचला. एसटीपीत त्या पाचच्या आसपास निघतात आणि एका ए4 पानावर आरामात मावतात.

आता प्रत्येक निर्णयाचा प्रश्न करा. सगळा कस इथे लागतो. «तुमचा ग्राहक कोण?» असं विचारलं की «18 ते 35 वयोगट» हे उत्तर ठरलेलं. ते कुठल्याही धंद्याला चालतं, आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. त्याऐवजी विचारा: «ही अडचण कुणाला आणि कुठल्या प्रसंगी येते? आज तो माणूस ती कशी निभावून नेतो?» दुसऱ्या प्रश्नामुळे खरा स्पर्धक पानावर येतो. पुष्कळदा तो दुसरा व्यवसाय नसतोच. माणूस काहीच करत नाही, दिवस ढकलतो, हाच स्पर्धक असतो.

समजा, एका गटाची कल्पना आहे, ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन सायकल दुरुस्त करून देणं. पहिल्या चौकटीत सायकल वापरणाऱ्यांचे तीन प्रकार येतात: रोज कामावर सायकलने येणारे, सुट्टीच्या दिवशी लांब जाणारे आणि मुलांच्या सायकली सांभाळणारे पालक. दुसऱ्या चौकटीत यांतला एकच निवडायचा आणि उरलेल्या दोघांना का सोडलं ते लिहायचं. हे «का सोडलं» वगळू नका. ते नसेल तर मुलं तिघांनाही धरून ठेवतात. गटाने रोज येणारे निवडले, कारण सायकल बिघडली की त्यांचं येणंजाणंच अडतं. तिसऱ्या चौकटीत ते आज काय करतात ते येतं: ब्रेक घासत असला तरी सुट्टीपर्यंत तसंच चालवतात.

चौथी चौकट म्हणजे रिकाम्या जागांचं वाक्य: «____ यांच्यासाठी, ज्यांना ____ ही अडचण आहे, आमची सेवा ____ करून देते, आज ते ____ करतात, त्याहून हे बरं, कारण ____.» पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रिकाम्या जागेत आधीच्या चौकटींतलीच उत्तरं उतरवायची, तसं बाणाने दाखवा. बाण नसतील तर इथे एकदम नवाच ग्राहक उगवतो. या गटाचं «कारण» असं झालं: सायकल दिवसभर पार्किंगमध्ये उभीच असते, त्यामुळे दुरुस्तीसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पाचवी चौकट प्रसिद्धीची. «प्रसिद्धी कशी कराल?» याला सगळे गट «सोशल मीडिया» लिहितात. विचारा: «अडचण जाणवते त्या क्षणी ग्राहक कुठे असतो?» मग सायकल स्टँडवरची पाटी सुचते.

चौकटीचा आकारही उत्तर घडवतो. अर्धं पान दिलंत तर निबंध येईल. दोन ओळी दिल्यात तर निवड करावी लागेल. फक्त चौथीला चार ओळी द्या. नमुना म्हणून भरलेलं पान त्याच पानाच्या मागे छापू नका, मुलं त्याची वाक्यरचना उचलतात. अगदी वेगळ्या व्यवसायाचा नमुना फळ्यावर भरून दाखवा आणि वाटप करण्याआधी पुसून टाका. वेळ द्यायचा तर तासातली निम्मी मिनिटं पहिल्या तीन चौकटींना जाऊ द्या. मुलांना घाई असते ती चौथीची, पण ती अडते पहिलीच उथळ असली म्हणून.

वर्गात नेण्याआधी वर्कशीट स्वतः भरून पाहा, तीही तुम्हाला नीट माहीत असलेल्या चालू व्यवसायासाठी. एखाद्या चौकटीशी दोन मिनिटं थबकावं लागलं तर प्रश्न चांगला असेल किंवा संदिग्ध. वाक्य बदलून पुन्हा भरलं की कळतं. वर्गात भरून झाल्यावर चौथ्या चौकटीतलं वाक्य व्यवसायाचं नाव झाकून शेजारच्या गटाला वाचायला द्या. त्यांना व्यवसाय ओळखता आला तर ठीक. ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या कल्पनेलाही बसत असेल, तर पहिल्या चौकटीतल्या प्रसंगाकडे परत जायचं. निम्म्याहून अधिक गटांचं असं झालं, तर मुलांना नव्हे, त्या प्रश्नाला दुरुस्त करा.