५४वर अडकलेले वायफाय: टीकेआयपीकडून एईएसकडे

कोथरूडला माझ्या काकांच्या घरी १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. राऊटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर सुमारे ९४चा वेग मिळत असे, परंतु तोच लॅपटॉप राऊटरपासून चार हातांवर वायफायने जोडला, की वेग २२च्या वर जात नसे. भिंती, अंतर आणि शेजारच्या फ्लॅटमधील राऊटरांची गर्दी या कारणांचा विचार मी प्रथम केला. मात्र या कारणांनी वेग कमीअधिक होत राहतो, आणि येथे तो कोणत्याही वेळी जवळजवळ तेवढाच राहत होता. म्हणून मी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जोडणीचा तपशील पाहिला.

```
netsh wlan show interfaces
```

त्यातील उपयोगाच्या ओळी अशा होत्या:

```
Radio type          : 802.11g
Authentication      : WPA-Personal
Cipher              : TKIP
Receive rate (Mbps) : 54
```

राऊटर आणि लॅपटॉप दोघेही वायफायचे ८०२.११एन हे मानक जाणणारे असताना जोडणी मात्र जुन्या ८०२.११जीवर होती, आणि त्याचे कारण तिसऱ्या ओळीत होते. वायफायवरील माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याच्या डब्ल्यूईपी या जुन्या पद्धतीतील दोष २००१ साली उघड झाल्यावर, जुनी उपकरणे फेकून न देता केवळ फर्मवेअर बदलून वापरता यावीत, यासाठी २००३ साली टीकेआयपी ही तात्पुरती सोय म्हणून आली. तिच्या मुळाशी डब्ल्यूईपीचीच आरसी४ ही पद्धत आहे. पुढे २००९ साली एन मानक आले तेव्हा त्यात स्पष्ट अट घातली गेली की, डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी वापरणाऱ्या जोडणीला नवे वेग द्यायचे नाहीत. त्यामुळे सिग्नल कितीही चांगला असला, तरी अशी जोडणी ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. हा आकडाही हवेतील वेगाचा असतो. पोचपावत्या आणि प्रतीक्षेचा काळ वजा जाता प्रत्यक्षात वीस ते पंचवीसच हाती येतात. आमचे २२ नेमके त्यातच बसत होते.

राऊटर बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने ही सेटिंग ठेवण्याचे कारण काकांनीच सांगितले: “अरे, आपला जुना प्रिंटर नव्या सेटिंगवर जोडलाच जात नव्हता.” एका प्रिंटरसाठी घरातील प्रत्येक उपकरणाला ५४ची मर्यादा पडणे मला पटले नाही.

राऊटरच्या पानावर, वायरलेस सुरक्षेच्या विभागात, एक मधला पर्यायही होता: टीकेआयपी आणि तिच्यापेक्षा भक्कम असलेली एईएस पद्धत दोन्ही चालू ठेवणे. त्यात नवी उपकरणे स्वतःसाठी एईएस निवडतात व त्यांना एनचे वेग मिळतात, म्हणून तो सोयीचा वाटतो. परंतु सर्व उपकरणांना एकदम जाणारे संदेश जुन्या उपकरणांनाही वाचता यावे लागत असल्याने ते टीकेआयपीनेच जातात, म्हणजे जुनी कमकुवत पद्धत जाळ्यात टिकून राहते. मी तो पर्याय सोडला, WPA2-PSK आणि AES निवडले, आणि पासवर्ड तोच ठेवला.

मोबाईल आपोआप पुन्हा जोडले गेले, लॅपटॉप मात्र जोडला जाईना. विंडोज नेटवर्कच्या नावाबरोबर सुरक्षेचा प्रकारही साठवते, आणि त्या जुन्या नोंदीत टीकेआयपी होते. ती नोंद पुसून नव्याने जोडल्यावर अडचण गेली (येथे घरातील नेटवर्कचे नाव लिहावे):

```
netsh wlan delete profile name="नेटवर्कचे नाव"
```

त्यानंतर तपशिलात 802.11n आणि CCMP दिसले. एईएसचा वायफायमधील वापर विंडोज CCMP या नावाने दाखवते. वेगाच्या ओळीत १४४ आले. दोन अँटेनांच्या या राऊटरला २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेवढाच वेग शक्य आहे, आणि एवढ्या गजबजलेल्या इमारतीत ४०चा पट्टा घेणे मला योग्य वाटले नाही. प्रत्यक्ष वेग त्याच जागी ७५च्या आसपास आला. CCMP दिसूनही वेग ५४वरच राहिला, तर माहितीला प्राधान्यक्रम लावणारी राऊटरमधील WMM सोय बंद आहे का ते पाहावे, कारण एनच्या वेगांसाठी तेही चालू असावे लागते.

आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, फरक बराच कमी पडला. सुरक्षेची पद्धत बदलल्याने सिग्नलचा पल्ला वाढत नाही, ही गोष्ट काकांना आधीच सांगून ठेवणे बरे झाले. प्रिंटर आता यूएसबी केबलने संगणकाला जोडला आहे. वायफाय सुरक्षेची डब्ल्यूपीए३ ही नवी आवृत्ती या राऊटरमध्ये नसल्याने पासवर्ड मोठा केला आणि बटणाने जोडण्याची WPS सोय बंद केली. पुढचा राऊटर घेताना डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ यांची जोडसेटिंग त्यात आहे का, हे आम्ही आधी पाहणार आहोत.