सीनाकाठचा टॉवर आणि चार बोटं

सोलापूर जिल्ह्यात सीनाकाठी विजेच्या उच्चदाब लाइनचा सर्व्हे चालू होता. दुपारी चारच्या सुमाराला अंतरं आणि कोन मोजणाऱ्या आमच्या यंत्राच्या, टोटल स्टेशनच्या, बॅटरीनं मान टाकली. जादाची बॅटरी लॉजवर चार्जिंगला लावून विसरलो होतो मीच, त्यामुळे कुणाला बोलायचीही सोय नव्हती. आणि नेमका तेव्हाच नदीपलीकडे, आमच्या लाइनच्या जवळजवळ समोर, एक मोबाईल टॉवर दिसला. नवाकोरा. फोनवरच्या उपग्रह-चित्रात त्या जागी नुसतं शेत. नदीला पाणी, पलीकडे जायचं तर पुलावरून लांबचा वळसा.

आमच्या कामात अशा वेळी एकच बघायचं असतं: टॉवर आडवा झाला तर लाइनवर पडता कामा नये. टॉवरपासून लाइन त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावरून जायला हवी. अलाइनमेंट ठेवायची की हलवायची, हे मोठ्या साहेबांना संध्याकाळी सांगायचं होतं.

तात्या आमचे जुने चेनमन. म्हणाले, "साहेब, मूठ लावून बघा की."

हात लांब केला की मूठ दहा अंश, एवढं शाळेत आकाश बघताना शिकलो होतो. पण ते सरसकट माप. टेप काढून स्वतःचंच मोजलं. अंगठा बाजूला ठेवून चार बोटांची रुंदी ९ सेंटीमीटर, डोळ्यापासून मुठीपर्यंत ६० सेंटीमीटर. म्हणजे दहा नव्हे, साडेआठ अंशच. अंश सोडून दिले तरी चालतं: माझी मूठ १०० मीटरवर १५ मीटर झाकते, २०० वर ३०.

अडचण अशी, की अंतर माहीत असेल तर उंची निघते आणि उंची माहीत असेल तर अंतर. इथं दोन्ही अंधारात. मग चालावं लागतं. बांधावर चढलो, कारण खालून उसाच्या फडामागे टॉवरचा पाया दडत होता आणि जेवढं दडेल तेवढी उंची कमी भरते. एक डोळा मिटला, कोपर ताठ केलं, मूठ उभी धरली. तर्जनी आणि मधलं बोट, दोन बोटांत टॉवर पायापासून टोकापर्यंत बसला. अर्धी मूठ. मग लाइनच्या खुंट्यांवरून सरळ टॉवरच्या दिशेनं, पावलं मोजत, अधूनमधून मूठ लावत निघालो. ३३० पावलांवर टॉवरनं चारही बोटं भरली.

दिसणारी उंची दुप्पट झाली, म्हणजे अंतर निम्मं झालं. जेवढं चाललो तेवढंच उरलं. माझं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे साधारण २४८ मीटर. मूठ तिथं ३७ मीटर झाकते. हिशेब इतका सुबक आला की मला संशयच आला. जमिनीवर उभारलेले टॉवर बहुधा ४० मीटरचे बघितलेत मी.

हात डोळ्यांजवळ आणला तेव्हा चूक दिसली. तर्जनी आणि मधलं बोट म्हणजे अर्धी मूठ नव्हेच. करंगळी बारीक असते. टेप लावला: वरची दोन बोटं ४.७ सेंटीमीटर, खालची दोन ४.३. मी धरलेल्या अर्ध्या मुठीच्या ४.५ पेक्षा दोनच मिलिमीटरचा फरक, पण त्यानं गणित हललं. नव्यानं मांडलं तर उरलेलं अंतर २७१ मीटर आणि उंची ४०.६. दोन मिलिमीटरनं २३ मीटर! दोन वाचनांच्या वजाबाकीवर सगळा डोलारा असला की असंच होतं. थोडंसंच चालून परत मूठ लावली असती, तर उत्तराला काही अर्थच उरला नसता.

मी वहीत आकडे खोडत असताना तात्या लाइन दाखवायला मागे रोवलेल्या दोन रेंजिंग रॉडच्या रेषेत उभे राहून मूठ आडवी धरून बघत होते.

"साहेब, लाइनपासून टॉवर किती बाजूला दिसतोय? दोन बोटं. अन् उंच किती? चार. मग पडला तर येतोयच की लाइनवर."

मी गप्प. दोन्ही मापं एकाच मुठीनं, एकाच जागेवरून, एकाच टॉवरशी. अंतर किती, मूठ केवढी, हात किती लांब, सगळं एकमेकांत कटून जातं. टॉवर जेवढा उंच, त्याच्या साधारण निम्म्यावरून लाइन जात होती, मग तो २०० मीटरवर असो की २ किलोमीटरवर. माझी अर्धी संध्याकाळ जे काढण्यात गेली ते या प्रश्नाला लागतच नव्हतं.

मोठ्या साहेबांना कळवलं: लाइन हलवावी लागेल. किती, ते उद्या.

दुसऱ्या दिवशी चार्ज केलेली बॅटरी घालून त्याच खुंटीवरून टोटल स्टेशन लावलं. अंतर २६८ मीटर, उंची ४०.२, वरच्या वीजरोधकाच्या काठीसकट. बाजूचं अंतर २१ मीटर. तात्यांनी आकडे ऐकले आणि विचारलं, "बॅटरी दोन आणल्यात ना आज?"